तीनशे तीनचं क्षेत्रफळ

कटरबाईंना निवृत्त होऊन चार महिने झाले होते आणि या चार महिन्यांत घरातली एकही वस्तू त्यांनी जागेवर राहू दिली नव्हती. एकतीस वर्षं त्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायच्या. साठ थर एकावर एक पसरायचे, खडूने आखायचं आणि मशीन फिरवायची. रेघ पाव इंच सरकली की साठ पोरांच्या बाह्या आखूड, म्हणून हात आणि डोळा सतत ताणलेला. तो ताण गेला, पण हाताची सवय गेली नाही. पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले, नवऱ्याच्या जुन्या पँटींच्या पिशव्या झाल्या. मग कपाटातली कागदपत्रं निघाली.

बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना मागून 'फूटपट्टी' म्हणायचे. ते त्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

नवरा बसचा ड्रायव्हर होता, आता घरी. आयुष्यभर रस्त्यावर शिव्या ऐकून त्या माणसाचं कातडं जाड आणि मन शांत झालं होतं. सोसायटीचं महिन्याचं बिल आलं की तो पाकीट फोडायचा, शेवटचा आकडा बघायचा आणि भरून टाकायचा. आठ वर्षं हेच चाललं होतं. यावेळी मात्र पाकीट कटरबाईंच्या हाती पडलं.

"अहो, पाच हजार पाचशे! मागच्या महिन्यात चार हजार तीनशे होतं. बाराशे वाढलेच कसे?"

"रंगकाम काढलंय ना. मीटिंगमध्ये ठरलं. तू होतीस."

"मी होते, पण आकडा कुठे कोणी सांगितला होता?"

"तुला तेव्हा दुसराच आकडा पाहिजे होता," नवरा म्हणाला आणि पेपरात डोकं घातलं.

हे बोलणं त्यांना लागलं. दोन महिन्यांपूर्वीची ती मीटिंग पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर झाली होती. थकबाकीचा विषय निघाला तेव्हा कटरबाईच उठून म्हणाल्या होत्या, "जे भरत नाहीत त्यांची नावं बोर्डावर लावा. आम्ही भरतो ते काय वेडे म्हणून?" टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या काचेच्या बोर्डात एकच नाव लागलं. समोरच्या तीनशे चारच्या सिस्टरचं. चार महिने थकीत, अठरा हजार चारशे, वर दंड बाराशे. कटरबाईंनी कागद पाहिला तेव्हा त्यांना वाटलं होतं, बरं झालं. त्यानंतर सिस्टर लिफ्टने यायची बंद झाली. इस्पितळातून ड्यूटी करून आलेली बाई तीन मजले जिन्याने चढायची, आणि कटरबाईंनी दार उघडं ठेवलं असेल तर मान खाली घालून आपल्या कुलपाशी खटपट करत राहायची.

बाराशे वाढले तसा कटरबाईंना सेक्रेटरीचा संशय आला. सेक्रेटरीचं चष्म्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा त्या जाऊन काउंटरसमोरच्या स्टुलावर बसल्या.

"मला हिशोब बघायचाय."

"कुठला, काकू?"

"सगळा. वॉचमनपासून."

सेक्रेटरी सज्जन होता, पण त्याला घाई फार. त्याने चष्म्यांच्या खोक्यांमागून फाइल काढली, पुढ्यात ठेवली आणि बिल कसं निघतं ते समजावायला लागला. काही खर्च सगळ्यांना सारखे. दोन वॉचमनचा पगार वीस हजार, सफाई सहा हजार, लिफ्टची देखभाल चार हजार, जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप सात हजार सहाशे, हिशोबनीस आणि किरकोळ खर्च दोन हजार चारशे. झाले चाळीस हजार. फ्लॅट सोळा. प्रत्येकाला अडीच हजार.

"आणि दुसरे खर्च घराच्या आकाराप्रमाणे," तो म्हणाला. "दुरुस्ती निधी आणि इमारतीचा विमा मिळून चौरस फुटाला तीन. आता त्यात रंगकामाचे दोन. म्हणून पाच. तुमचं घर सहाशे चौरस फूट, म्हणजे तीन हजार. त्यात अडीच हजार मिळवा."

"आकाराप्रमाणे का? वॉचमन सगळ्यांना सारखा, मग रंग का नाही?"

"काकू, ज्याची भिंत मोठी त्याचा रंग जास्त. वॉचमन काय, तो दारात बसतो, त्याला तुमचं घर मोठं काय नि लहान काय. सुरुवातीला ठरवलंय तसं."

कटरबाईंना हे पटलं, आणि पटलं याचाच त्यांना राग आला. त्या तीन दुपारी त्या स्टुलावर बसल्या. वॉचमनच्या सह्या पाहिल्या, लिफ्ट कंपनीची पावती पाहिली, विजेच्या बिलावरचा मीटरचा नंबर उतरवून घेतला आणि घरी येताना मीटरवर ताडून पाहिला. सगळं जुळलं. एक पैसा इकडचा तिकडे नव्हता. चौथ्या दिवशी त्यांच्याकडून फाइल परत घेताना सेक्रेटरी हसला.

"झालं समाधान?"

"नाही," त्या म्हणाल्या.

घरी येऊन त्या हॉलमध्ये फेऱ्या मारत राहिल्या. नवरा पायांच्या मध्ये येत होता, कधी चहा, कधी चष्मा शोधत.

"बस जरा. डोकं गरगरायला लागलं मला तुझ्या फेऱ्यांनी."

"सहाशे," त्या म्हणाल्या. "सगळं तपासलं, पण हे सहाशे कोणी मोजलंय?"

त्यांना मनोमन खात्री होती की घर सहाशे भरणार नाही. बिल्डर लोक भिंतीही मोजतात, जिनाही मोजतात, असं कारखान्यात बायका बोलायच्या. पाचशे साठ निघालं तर महिन्याला दोनशे वाचतील. तळमजल्यावरच्या सुताराकडून त्यांनी लांब स्टीलचा टेप मागून आणला. नवऱ्याच्या हातात एक टोक दिलं.

"भिंतीला चिकटवा. चिकटवा म्हणते ना! हवेत काय धरलंयत?"

हॉल अठरा बाय बारा, दोनशे सोळा. स्वयंपाकघर दहा बाय नऊ, नव्वद. मोठी खोली चौदा बाय अकरा, एकशे चोपन्न. छोटी खोली बारा बाय दहा, एकशे वीस. न्हाणीघर चाळीस, संडास वीस, मधली बोळ छत्तीस, बाल्कनी चोवीस. कटरबाईंनी बेरीज केली आणि पेन्सिल ठेवली. मग पुन्हा केली. मग टेप घेऊन एकट्याच हॉलमध्ये गेल्या, टोकावर पाटा ठेवला आणि पुन्हा मोजलं.

सातशे.

"शंभर जास्त आलं," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने कागद बघितला. "मग बरंच की. आपण कमीच भरतोय."

"बरं कसलं?"

"मग काय, बिल वाढवून मागायला जाणार?" तो हसला आणि हसताहसता थांबला, कारण बायको हसत नव्हती.

त्या कपाटाकडे गेल्या. घराचं कर्ज मागच्या वर्षीच फिटलं होतं, तेव्हापासून करारनाम्याचा जाडजूड गठ्ठा खालच्या खणात पडून होता. तो आजवर कोणी उघडला नव्हता. चौदाव्या पानावर लिहिलं होतं: फ्लॅट क्रमांक तीनशे तीन, चटई क्षेत्र सातशे चौरस फूट. म्हणजे टेप चुकला नव्हता, बिल चुकलं होतं. आणि आठ वर्षं चुकत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा दुकानात. यावेळी स्टुलावर बसल्या नाहीत.

"सोळा घरांची यादी दाखव. नुसते आकार."

सेक्रेटरीने काढली. प्रत्येक मजल्यावर दोन सातशेची, दोन सहाशेची. सोळांची बेरीज दहा हजार चारशे. बरोबर. त्यांनी बोट खाली सरकवत नेलं. तीनशे तीन, सहाशे. तीनशे चार, सातशे.

त्यांचं बोट पुन्हा वर गेलं. बाकी तिन्ही मजल्यांवर उलट होतं: शेवटी तीन असलेलं घर मोठं, चार असलेलं लहान.

"तिसऱ्या मजल्याच्या ओळी उलटल्यात," त्या म्हणाल्या.

सेक्रेटरीने चष्मा कपाळावर चढवला, यादी डोळ्यांजवळ नेली. "पहिल्या वर्षी कोणी हाताने लिहिली होती, त्यावरून उतरत आली," तो हळूच म्हणाला. "टोटल जुळते ना. एक शंभर कमी, एक शंभर जास्त. म्हणून ऑडिटला कधी दिसलंच नाही. दर वर्षी बेरीज दहा हजार चारशेच यायची." मग आवाज आणखी खाली आणून तो म्हणाला, "काकू, नुकसान तुमचं नाही. सोसायटीचंही नाही. पुढच्या महिन्यापासून मी गुपचूप नीट करून टाकतो. मागचं उकरलं तर तुमच्याच अंगावर येईल."

"किती येईल?"

हिशोब कटरबाईंनी बिलाच्या पाठीवर स्वतःच केला. पहिली पाच वर्षं दर दोन होता. शंभर फूट, महिन्याला दोनशे, साठ महिने: बारा हजार. नंतरची तीन वर्षं दर तीन. महिन्याला तीनशे, छत्तीस महिने: दहा हजार आठशे. बावीस हजार आठशे.

बावीस हजार आठशे त्यांच्याकडे होते. पंचवीस हजार साठवले होते, कापडाच्या कडा ओवरलॉक करायच्या मशीनसाठी. घरीच कामं घ्यायची, हाताला चाळा मिळेल, चार पैसेही. दुकानदाराला मशीन बाजूला काढून ठेवायला सांगून झालं होतं.

आणि तेवढेच बावीस हजार आठशे समोरच्या सिस्टरच्या बिलांत जास्त लागले होते. बोर्डावर तिच्या नावापुढे अठरा हजार चारशे लिहिले होते. म्हणजे ज्या दिवशी तिचं नाव लागलं, त्या दिवशीही ती देणेकरी नव्हतीच. उलट आजच्या हिशोबाने सोसायटीच तिचे चार हजार चारशे देणं लागत होती.

तीन दिवस कटरबाई हाताला काम लावत राहिल्या. त्यांनी माळ्यावरचं सामान उतरवलं आणि पुन्हा चढवलं. धुतलेले पडदे पुन्हा धुतले. भाजी आणायला गेल्या आणि पिशवी दुकानातच विसरून आल्या. नवऱ्याने पहिल्या दिवशी काही विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी दोनदा विचारलं. तिसऱ्या दिवशी त्या जेवायच्या ताटावर बसल्याबसल्या म्हणाल्या, "सेक्रेटरी म्हणतो गुपचूप करू."

"मग?"

"मशीन येईल."

"येईल."

"तुम्हाला काय वाटतं?"

नवऱ्याने पाण्याचा पेला ठेवला. "मला काय विचारतेस? मी आठ वर्षं शेवटचा आकडा बघून पैसे भरले. अर्धी चूक माझीच." मग तो म्हणाला, "पण बोर्डावर नाव लावायला तू सांगितलंस. ते मी नाही सांगितलं."

त्यांचं जेवण तिथेच संपलं. हात धुतले आणि टेप उचलला.

सिस्टरने दार उघडलं तेव्हा ती नुकतीच ड्यूटीवरून आली होती. पांढऱ्या बुटांच्या लेस सुटलेल्या, केस ओले. कटरबाईंना पाहून तिचा चेहरा बंद झाला. मग तिची नजर टेपवर गेली.

"आता काय? घर जप्त करायला माप घ्यायला आलात?"

"तुझं घर मोजायचंय मला. थोडा वेळ दे."

"कशाला?"

"आधी मोजू. मग सांगते. चुकीचं काही बोलायचं नाही मला."

सिस्टर दारातच उभी राहिली. नको म्हणणार असंच वाटत होतं. मग ती बाजूला झाली. त्या आत गेल्या. घरात सामान कमी होतं. मोठ्या खोलीत एक लोखंडी पलंग होता, वर करायच्या हँडलचा, इस्पितळात असतो तसा. त्यावर गादी नव्हती.

टेपचं दुसरं टोक सिस्टरने धरलं. ती न सांगता नीट भिंतीला चिकटवून धरत होती. हॉल पंधरा बाय बारा. छोटी खोली दहा बाय आठ. बाल्कनी नाहीच. बाकी सगळं समोरच्यासारखं. कटरबाईंनी आकडे लिहिले, बेरीज केली. सहाशे. कागद सिस्टरपुढे धरला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. यादी, उलटलेल्या ओळी, दोनशे आणि तीनशे, बावीस हजार आठशे.

सिस्टर पलंगाच्या कडेवर बसली. तिने कागद दोनदा वाचला. कटरबाईंना वाटलं, आता रडेल. ती रडली नाही.

"आईला घरी आणलं तेव्हा चार महिने नाही भरता आले," ती म्हणाली. "औषधं, ऑक्सिजन, दिवसा बघायला बाई. मी सेक्रेटरींना सांगितलं होतं, भरेन म्हणून. आई गेली त्याच्या पुढच्या आठवड्यात नाव लागलं. जिन्यात बायका बोलायच्या थांबायच्या मला पाहून." तिने मान वर केली. "या मजल्यावरून एक माणूस आला नाही माझ्याकडे. तुम्ही तर दहा पावलांवर."

कारखान्यात चुकीचे कापलेले साठ थर समोर पसरलेले असावेत आणि मालक काही न बोलता बघत असावा, तसं वाटलं त्यांना. "नाव लावा असं मीच म्हणाले होते," त्या शेवटी म्हणाल्या.

"माहीत आहे मला. वॉचमनने सांगितलं."

"पैसे मी भरणार. आणि मीटिंगमध्ये मीच सांगणार."

"सांगा," सिस्टर म्हणाली. "पण मला आत्ता झोपायचंय. टेप घेऊन जा."

रविवारी पार्किंगमध्ये पुन्हा खुर्च्या मांडल्या. सेक्रेटरी आधी हळू आवाजात म्हणाला, लहानशी दुरुस्ती आहे, नोंदवून टाकू. कटरबाई उठल्या. दोन महिन्यांपूर्वी उठल्या होत्या तशाच, पण यावेळी हातात कागद होते. त्यांनी करारनाम्याचं पान, दोन्ही घरांची मापं आणि आठ वर्षांचा हिशोब असा एकेक कागद पुढे दिला. लोक आकडे बघत राहिले. कोणीतरी विचारलं, "म्हणजे काकू, तुम्हीच कमी भरत होतात?"

"हो. आणि सिस्टरची थकबाकी कधी नव्हतीच. दंड रद्द करा आणि चार हजार चारशे हिच्या खात्यात जमा दाखवा."

दुसऱ्या मजल्यावरचे एक काका कुरकुरले, आठ वर्षं मागे कशाला जायचं म्हणून. त्यावर सिस्टर पहिल्यांदा बोलली. ती शेवटच्या रांगेत, बॅग मांडीवर घेऊन बसली होती. "माझं नाव लावताना तुम्ही किती मागे गेला होतात?"

ठराव झाला. तीनशे तीनची आणि तीनशे चारची ओळ यादीत दुरुस्त झाली. या महिन्याचं बिलही बदललं: कटरबाईंचं सहा हजार, सिस्टरचं साडेपाच. मागच्या बावीस हजार आठशेचे बारा हप्ते, महिन्याला एकोणीसशे. सिस्टर म्हणाली, बोर्डावर जसं नाव लागलं तसं दुरुस्तीचंही पत्र लागलं पाहिजे, तेवढेच दिवस आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. सेक्रेटरीने मान डोलावली. मीटिंग संपल्यावर ती कोणाशी न बोलता निघून गेली. कटरबाई खुर्च्या एकावर एक ठेवत राहिल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

मशीनचे पैसे आता हप्त्यांना लागणार होते, म्हणून मशीन आली नाही. दुकानदाराला त्यांनी फोन करून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ठेवतो थोडे दिवस, काकू." त्यांनी ठेवू नका सांगितलं. रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या आणि सकाळी नवऱ्यावर उगाच खेकसल्या. चांगलं केलं की मन हलकं होतं म्हणतात. त्यांचं झालं नाही. बारा हप्ते संपायचे होते आणि तो रिकामा लोखंडी पलंग डोळ्यांसमोरून जात नव्हता.

सोसायटीने पुढच्या वर्षीसाठी अंतर्गत तपासनीस म्हणून त्यांचं नाव सुचवलं. "दुसरं कोणी घ्या," त्या म्हणाल्या. मग घरी येऊन म्हणाल्या, "घ्यायला हवं होतं का हो?" नवऱ्याने पेपरच्या आडून, "घे ना बाई, माझी तरी सुटका होईल," असं म्हटलं. त्यांनी सेक्रेटरीला होकार कळवला, पण एका अटीवर: तपासणीला त्यांच्यासोबत दुसरं कोणीतरी हवं, म्हणजे एकाच डोळ्यावर विसंबायला नको.

पुढच्या महिन्यात बिलं आली त्या दिवशी दुपारी दाराची बेल वाजली. सिस्टर होती. गणवेशात, खांद्याला बॅग, हातात बिल.

"विम्याची रक्कम वेगळी दाखवलेली नाही," ती म्हणाली. "दुरुस्ती निधीतच मिळवलीय. किती आहे ती?"

कटरबाईंनी चष्मा लावला. खरंच वेगळी नव्हती. तीन दुपारी फाइल चाळूनही त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. "पावती बघावी लागेल," त्या म्हणाल्या. "मी उद्या दुकानात जाते. येतेस?"

"उद्या माझी ड्यूटी दोन वाजता सुटते."

"मग अडीचला जाऊ. आत ये, बस जरा."

"नाही," सिस्टर म्हणाली. "ड्यूटीला उशीर होईल." मग जिन्याकडे न वळता लिफ्टचं बटण दाबून ती उभी राहिली. कटरबाई दारात उभ्या राहिल्या, बिलातली ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत.